दीडशेची कुर्ती चिपळूणला कितीला पडते?

"सुरतच्या होलसेलवाल्याकडून ऑनलाइन कुर्ती दीडशेला मागवा, तीनशेला विका. पैसे दुप्पट. नाही खपली तर माल परत घेतात."

असा सल्ला सर्रास मिळतो. पण दीडशे हा सुरतचा भाव. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी 50 कुर्त्या मागवल्या. माल 7500चा, त्यावर 5 टक्के जीएसटी 375, ट्रान्सपोर्ट आणि हमाली 625. म्हणजे चिपळूणला घरात येईपर्यंत कुर्ती 170ला पडली. माझी नोंदणी नसल्यामुळे तो जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच धरायचा.

आता विक्री. चार नग शिवण उसवलेले निघाले. चाकरमानी गावात होते तोवर 30 नग तीनशेने गेले. अनंत चतुर्दशीनंतर गिऱ्हाईकच आटलं, तेव्हा 10 नग दोनशेने काढले. सहा अजून कपाटात आहेत, सगळे एक्सएक्सएल, कारण माल साइजच्या सेटनेच घ्यावा लागतो. जमा झाले 11,000. त्यातून कुरिअरने पाठवलेल्या 10 नगांचे 700 गेले. कॅश ऑन डिलिव्हरीची तीन पार्सलं गिऱ्हाइकांनी घेतलीच नाहीत, त्यांच्या जाण्यायेण्याचे 420 गेले. पिशव्यांचे 180. हातात उरले 9700, घातले होते 8500. दोन महिन्यांच्या राबण्याचे 1200 रुपये.

"परत घेतात" हे तर नीट विचारूनच घ्या. मला उसवलेल्या चार नगांचे पैसे मिळाले नाहीत. पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करतो, असं व्यापारी म्हणाला, आणि परत पाठवायचं भाडं माझ्याच अंगावर. न खपलेला माल घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: खराब नग किती दिवसांत कळवायचा, परतीचं भाडं कोणाचं, आणि पैसे खात्यात येणार की नाही. गाठोडं फोडताना लेबलपासून शेवटच्या नगापर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. नग कमी वाटले तर सही करण्याआधी बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, तसं लिहा.

आणि नमुना चांगला आला म्हणजे व्यापारी चांगला, असं धरू नका. माझा नमुना स्वयंपाकघरातल्या काट्यावर 280 ग्रॅम भरला होता. लॉटमधली तीच कुर्ती 220. फोटो तोच, रंग तोच, कापड पातळ. काटा दोन्ही वेळा लावा, ओला पांढरा रुमाल कापडावर घासून रंग उतरतो का तेही बघा. बिलावरचा जीएसटी नंबर services.gst.gov.in वर टाकून पाहा. गुजरातचा नंबर 24 ने सुरू होतो. तिथे दिसणारं नाव आणि यूपीआयवर पैसे पाठवताना दिसणारं नाव जुळत नसेल, तर पैसे पाठवायचे थांबा आणि कारण विचारा.

यंदा मी आधी 10 नग मागवले. ते नमुन्याशी जुळले, तेव्हाच पुढचे 20 सांगितले, तेही श्रावणाच्या सुरुवातीला, म्हणजे गणपतीत सगळे खपावेत, कारण आमच्याकडच्या दमट हवेत उरलेल्या कापडाला बुरशीचे ठिपके पडतात.