‘मॅट ब्लॅकच घ्या’ म्हणणाऱ्यांना

"पोरांना सायकल घ्या नाहीतर स्कूटर, रंग मॅट ब्लॅकच घ्या. ओरखडे दिसत नाहीत, धूळ दिसत नाही, पोरं कंटाळत नाहीत, आणि रात्री लाइट असतोच की, मग रंगाचा काय संबंध!"

आधी ओरखड्यांचं बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. वरवरचा चरा उठतो ना, तो रंगापर्यंत जातच नाही, वरच्या थरातच असतो, पण त्या खरबरीत रेघेवर प्रकाश विखुरतो म्हणून ती पांढरट दिसते. आता पांढरट रेघ काळ्यावर उठून दिसणार की फिकट राखाडीवर, तुम्हीच सांगा. आणि मॅटचं दुखणं वेगळंच. ग्लॉसी रंगावर चरा पडला तर पॉलिश मारून बराचसा घालवता येतो, मॅटवर पॉलिश घासलं की तेवढाच भाग चकचकीत होतो आणि चऱ्यापेक्षा तो डागच जास्त दिसतो. आमच्या शेजारच्या नववीतल्या मुलाची सायकल बघा, हँडलखाली फ्रेमच्या पुढच्या नळीवर ब्रेकची केबल घासते, तिथे आधी नुसता तुळतुळीत पट्टा आला, मग रंगच गेला, आणि पावसाळ्यात तिथनं तांबूस गंज डोकावायला लागला. क्लासबाहेर स्टँडला सायकली एकमेकींना टेकवून लावतात, तेव्हा बाजूच्या सायकलचं पेडल वरच्या नळीवर घासतं ते वेगळंच.

हे कुठल्याही रंगाला होणारच, काळ्यालाच होतं असं माझं म्हणणं नाही. पण साधा एकरंगी लाल, पांढरा किंवा पिवळा असेल तर जवळपासचा शेड मिळतो, पॉलिश पेपरने गंज घासून पुसून बारीक ब्रशने टचअप मारला की काम झालं, दोन हातांवरून कळतही नाही. मेटॅलिक सिल्व्हरवर बारीक चरे लपतात खरे, पण खोल गेला तर टचअप जुळता जुळत नाही, त्यातली चमक वेगळी पडते. आणि केबल घासते तिथे नवी असतानाच पारदर्शक फिल्मचा तुकडा चिकटवा, जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तरी चालते.

धुळीबद्दल एकच, आपल्या रस्त्यांवरची धूळ काळी नसते हो! वाळलेला चिखल काळ्यावर जेवढा दिसतो तेवढा राखाडीवर नाही.

आता "लाइट असतोच". स्कूटरला 1 एप्रिल 2017 पासून इंजिन चालू तर हेडलाइट चालू असतो, मान्य, पण तो पुढच्याला दिसतो, चौकात आडव्या येणाऱ्या रिक्षावाल्याला नाही. आणि सायकलला बहुतेक वेळा लाइट लावलेलाच नसतो. पण इथे उलट्या बाजूच्या लोकांनाही सांगायचंय, जे म्हणतात भडक पिवळी घेतली की पोरगं सुरक्षित. तसं नाहीये. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मोटरसायकलवाल्यांचा अभ्यास झाला होता, 2004 ला छापून आला, त्यात गाडीच्या रंगाचा अपघाताशी संबंध सापडलाच नाही, पण काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांचा धोका 24 टक्के कमी निघाला आणि चमकणारं जाकीट वगैरे घालणाऱ्यांचा 37 टक्के कमी. तो मोटरसायकलचा आहे, सायकलला आकडे जसेच्या तसे लावू नका, पण लक्ष कुठे द्यायचं ते कळतं. आणि फ्लुरोसंट रंग दिवसा, अतिनील किरणांवर चमकतो. रात्री पिवळ्या स्ट्रीटलाइटखाली त्याची जादू संपते, तिथे रिफ्लेक्टिव्ह पट्टीच लागते.

म्हणून पोराला काळीच हवी असेल तर घेऊ द्या, खरंच. चौदा-पंधराच्या वयात नावडत्या रंगाची सायकल जिन्याखाली पडून राहते, हे "मुलांना काय कळतं" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. फक्त मॅटऐवजी ग्लॉसी मिळते का विचारा, आणि रिफ्लेक्टिव्ह टेप मागच्या मडगार्डवर, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर आणि जमलं तर पेडलच्या दांड्यांवर लावा. पेडलची वरखाली हलणारी चमक बघितली की मागच्याला लगेच कळतं की सायकल आहे. टेप खरी आहे का हे दुकानातच बघा, जरा अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबून मारा, पट्टी झगझगीत पेटली तर खरी, नुसती चंदेरी दिसली तर शोभेची. मागे लाल लाइट लावाच, आणि रंगाची हौस फ्रेमवर भागवली असेल तर हेल्मेट पांढरं घ्या.

आणि स्कूटरचं म्हणाल तर सोळा-सतराच्या पोराला 125 सीसीची स्कूटर कुठल्याही रंगाची देऊ नका. त्या वयात बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या गाडीचंच लायसन्स मिळतं, आणि पकडला गेला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.