साहेब, एवढी एक लेट फी माफ करा

क्रेडिट कार्डाची लेट फी माफ करून मागणं म्हणजे भाजीवाल्या मावशींकडे वर कोथिंबिरीची काडी मागण्यासारखं आहे. नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर मिळते, पण पिशवी पुढे करावी लागते. आपल्याकडे मात्र अर्जाचा विषय निघाला की शाळेतला रजेचा अर्ज अंगात येतो. ‘मी आपला प्रामाणिक ग्राहक असून घरगुती अडचणींमुळे…’ तिथपर्यंत येताच पलीकडच्याने वाचणं सोडलेलं असतं. त्याला अडचण नको असते, तारखा हव्या असतात.

एक हिशेब घेऊ. 8 मार्चला 18,400 रुपयांचा फ्रिज कार्डावर घेतला. बिल भरायची शेवटची तारीख 5 एप्रिल. 4 तारखेला वडील दवाखान्यात, 8 च्या रात्री घरी, आणि पूर्ण रक्कम भरली 9 ला. पुढच्या बिलात लेट फी 750 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी 135. त्याखाली व्याज. चूक चार दिवसांची, म्हणजे व्याजही चार दिवसांचंच, असं आपल्याला वाटतं. बँकेला वाटत नाही. मुदतीत पूर्ण पैसे आले नाहीत की बिनव्याजी सवलत रद्द होते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून चढतं. महिना साडेतीन टक्क्यांनी 32 दिवसांचे साधारण 678 रुपये, वर जीएसटी 122. चार दिवसांच्या उशिराचे एकूण 1,685. फ्रिज थंड, मालक गरम.

फोन उचलण्याआधी एकच गोष्ट पाहायची: ही विनंती आहे की हक्क? रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली तरच लेट फी लावता येते, आणि तीही देय तारखेनंतर बाकी राहिलेल्या रकमेवर. म्हणजे 8 तारखेला पैसे पोचले असते तर गयावया नको होती, नियम दाखवून फी परत मागायची. आपले पैसे 9 ला गेले, त्यामुळे गोड बोलणं आलं. (कर्जाच्या हप्त्यांवर दंडव्याज लावायची पद्धत रिझर्व्ह बँकेने 2024 पासून बंद केली, तिथे आता फक्त दंडशुल्क. कार्डाला तो नियम लागू नाही.)

पैसे आधी भरायचे, मग मागायचं. थकबाकी डोक्यावर ठेवून माफी मागणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. मग मेल, साधारण असा:

‘कार्डाचे शेवटचे चार अंक अमुक. 5 एप्रिलचं बिल 9 एप्रिलला पूर्ण भरलं, व्यवहार क्रमांक अमुक. 4 ते 8 एप्रिल वडील रुग्णालयात होते, डिस्चार्ज कार्ड जोडलं आहे. मागच्या 24 महिन्यांत प्रत्येक बिल मुदतीत आणि पूर्ण भरलं आहे. कृपया लेट फी 750 आणि व्याज 678, दोन्ही त्यांवरील जीएसटीसह परत करावं.’

बस्स. कारण खरं हवं आणि तारखांना चिकटलेलं हवं. डिस्चार्ज 28 मार्चचं आणि उशीर एप्रिलचा, असं कागद स्वतःच ओरडून सांगत असेल तर तो जोडू नये. खरंच विसरला असाल तर तसं लिहा. वेळेवर भरलेली 24 बिलं पाठीशी असताना ‘विसरलो’ चालतं. दर वर्षी नव्याने आजारी पडणारी आजी चालत नाही, कारण आधीच्या तक्रारी समोरच्याच्या स्क्रीनवर असतात. ‘मी दर वेळी वेळेवर भरतो’ हे वाक्यही कुचकामी. किती महिने, ते लिहा. तो पडताळून पाहू शकतो.

दोन रकमा वेगळ्या मागण्यामागेही हेतू आहे. लेट फी सोडणं फोनवरच्या माणसाला बऱ्याचदा जमतं, व्याजासाठी त्याला वर विचारावं लागतं. एकच गठ्ठा आकडा दिला की सोपं उत्तर ‘नाही’ असतं. फी सुटली आणि व्याज राहिलं, तर थँक्यू म्हणून तेवढ्यापुरता पुन्हा मेल करायचा. ‘कार्डच बंद करतो’ ही धमकी मात्र खरंच बंद करायचं असेल तरच द्यावी. काही जण ती फार तत्परतेने मान्य करतात.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण तिथे चुकीने लावलेल्या फीची दाद लागते. बरोबर लावलेली फी दयेने सोडा, असं तो बँकेला सांगत बसणार नाही.

‘माफ केलं सर’ ऐकून नाचू नये. पुढच्या बिलात 750 जमा दिसतात का, आणि त्याखाली 135 ची वेगळी ओळ आहे का, ते पाहावं. बहुतेकदा गळते ती हीच ओळ, आणि मग 135 रुपयांसाठी पुन्हा ‘हिंदीसाठी दोन दाबा’.