कोणताही गुणाकार, फक्त 2 सेकंदांत!

अंकगणिताच्या ट्रिकचा व्हिडिओ काढायचे आपण मनावर घेतलेच असेल, तर शीर्षकात पद्धतीचे नाव चुकूनही येऊ देऊ नये. ‘100 च्या आधाराने गुणाकार’ असे लिहिले, तर ज्याला तेवढेच हवे आहे तोच येईल. त्यापेक्षा ‘कोणताही गुणाकार, फक्त 2 सेकंदांत’ हे बरे.

परीक्षांची नावे मात्र सढळ हाताने द्यावीत. यूट्यूबच्या शीर्षकात 100 अक्षरे बसतात, म्हणजे पोलीस भरती, तलाठी, बँक आणि राज्यसेवा यांची सोय होते. राज्यसेवेच्या सीसॅटमध्ये उतारे आणि तर्काचे प्रश्न असतात, नुसता गुणाकार क्वचितच, ही क्षुल्लक बाब सांगून विभागाचे नाव लिहीत बसू नये.

वर्णनात वेळखुणा देऊ नयेत.

उदाहरण 98×97 हेच घ्यावे. शंभराला 2 आणि 3 कमी, 98 मधून 3 गेले, 95 उरले, 2 गुणिले 3 म्हणजे 6, दोन घरे हवीत म्हणून 06, उत्तर 9506. कसे सुरेख जमते! गेल्या आठवड्यात माझ्या भाचीला पोलीस भरतीच्या सराव पेपरात 88×87 आले. तिने 12 आणि 13 काढले, 88 मधून 13 वजा करून 75 लिहिले, शेजारी 12 गुणिले 13 म्हणजे 156 मांडले आणि 75156 या पर्यायावर खूण केली. पेपर काढणाऱ्याने तो पर्याय मुद्दाम ठेवला होता. त्याला आपले व्हिडिओ ठाऊक असावेत. शंभराहून लहान दोन संख्यांचा गुणाकार दहा हजारांपलीकडे जाऊच शकत नाही, हेही कोणी तिला सांगितले नव्हते. रात्री आम्ही दोघे हातच्याचे उदाहरण शोधत बसलो. तीन व्हिडिओ पाहिले, तिन्हींत 98×97. तिसऱ्यात चौदाव्या मिनिटाला गुरुजी म्हणाले, हातचा आला तर काय ते पुढच्या भागात. आणि त्या भागाचे शीर्षक होते ‘ही ट्रिक चुकवाल तर पस्तावाल’. तो हातच्याचा भाग आहे हे ओळखायचे कसे?

अहो, उजवीकडे दोनच घरे असतात, 156 मधला 1 हातचा 75 मध्ये मिळवायचा, 7656, एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते. 68×73 ला ही पद्धत लावली, तर आधी 32 गुणिले 27 करावे लागते, तिथे सरळ गुणाकार केलेला परवडतो, हे ठाऊक असूनही ‘कोणताही’ लिहिता, तेव्हा तुम्ही सरळ खोटे बोलता. ‘100 च्या आधाराने गुणाकार, हातचा येणारे उदाहरण 88×87, पोलीस भरती अंकगणित’ हे त्याच 100 अक्षरांत बसते. मोजून पाहा, आणि आजच्या आज बदला.