बाळाची बातमी आणि बारशाचं बोलावणं, एकाच पोस्टमध्ये

दादाला मुलगी झाली तेव्हा नातेवाईकांना कळवायचं काम आत्या म्हणून माझ्याकडे आलं, आणि तेव्हाचा मेसेज आता दोघी-तिघींनी मागितलाय म्हणून इथेच सविस्तर लिहिते. माझं स्पष्ट मत आहे की बातमी आणि बारशाचं बोलावणं एकत्रच पाठवावं. बाळ झालं की त्याच रात्री फोटो टाकला जातो, अभिनंदनाचा पाऊस पडतो, मग आठवड्याने आमंत्रण येतं आणि ते ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगमध्ये वाहून जातं, मग बारशाच्या आदल्या दिवशी मावशीचा फोन, अगं मला कुणी बोलावलंच नाही!

पण एकत्र पाठवायचं तर बाळ-बाळंतीण घरी येईपर्यंत थांबावं लागतं. तोवर तारीख आणि जागा ठरते, आणि मुख्य म्हणजे बाळाच्या आईला विचारता येतं की तिला इतकी माणसं झेपतील का, सिझर असेल तर हे आधी विचाराच. मधल्या दिवसांत जवळच्यांना फोन करायचा, आजी, काका, मामा, आत्या, घरातले सगळे वडीलधारे. सख्ख्या काकांना फेसबुकवरून कळलं तर ते बारशाला येतील पण मनात राहतं ना.

तारखेचा घोळ पण हमखास होतो. बारसं बाराव्या दिवशी म्हणजे जन्माचा दिवस पहिला धरून. आमची परी ३ जूनला झाली, तीनात बारा मिळवून सगळे पंधरा पंधरा करत होते, पण ३ तारीख पहिला दिवस धरला की बारावा येतो १४ ला, आणि तो नेमका रविवार निघाला. आडवार आला असता तर आम्ही सव्वा महिन्यानंतरचा रविवार धरणार होतो, हल्ली बरेच जण तसं करतात आणि बाळंतिणीलाही ते सोपं जातं.

तर हा मेसेज:

"आमच्या घरी लेक आली! बुधवारी, ३ जूनला पहाटे दादा-वहिनीला मुलगी झाली. दोघीही छान आहेत, घरी आल्यात. बारसं रविवारी, १४ जूनला साताऱ्याला, वहिनीच्या माहेरी. पाळणा संध्याकाळी साडेपाचला, जेवण साडेसातपासून. दोन्हीकडच्या आजी-आजोबांचं तुम्हा सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं आहे, मुलाबाळांसकट या. आहेर नको, आशीर्वाद द्या. सर्दी-ताप असेल तर यावेळी व्हिडिओ कॉलवरून पाळणा म्हणा, बाळाला नंतर निवांत भेटा. पत्ता आणि लोकेशन प्रत्येकाला वेगळं पाठवते. नाव मात्र पाळण्यातच कळेल!"

यात वहिनीच्या माहेरी हे शब्द मी मुद्दाम घातले. पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी असतं, त्यामुळे बारसं तिकडे होतं आणि आमच्याकडचे अर्धे लोक सवयीने पुण्याच्या घरी येऊन कुलूप बघतात. आणि यजमान व्याही असले की आपली माणसं संकोचतात, आपल्याला खरंच बोलावलंय की नुसतं कळवलंय असं त्यांना वाटतं, म्हणून दोन्हीकडच्या आजी-आजोबांचं बोलावणं हे लिहायलाच हवं. पाळण्याची आणि जेवणाची वेळ वेगळी द्या. नुसतं संध्याकाळी लिहिलं की लोक जेवायच्या वेळी येतात, तोवर गोविंद घ्या गोपाळ घ्या होऊन घुगऱ्या पण वाटून झालेल्या असतात, आणि ज्या आजीला पाळणा म्हणायचा असतो तिचा तो राहून जातो.

नाव पोस्टमध्ये टाकू नका प्लीज. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं, तिच्या पाठीत धपाटे बसायचे आणि मग सगळ्यांना कळायचं, हा तर बारशाचा जीव आहे. जन्माची अचूक वेळ पण नको, ती पत्रिकेसाठी गुरुजींना लागते, बाकीच्यांना पहाटे एवढं पुरतं. फोटोत आम्ही फक्त बाळाची मूठ दाखवली, हॉस्पिटलचा पट्टा दिसणारा फोटो टाकू नका, त्यावर आईचं नाव आणि बरंच काही असतं. आणि फेसबुकवर घराचा पत्ता म्हणजे अनोळखी लोकांनाही पत्ता, म्हणून तो वेगळा पाठवायचा.

मेसेज नीट जमलाय का ते पहिल्या तासात कळतं. कुठे, किती वाजता, आम्ही पण यायचं का असे प्रश्न आले तर काहीतरी राहिलंय, लगेच एडिट करा. आम्हाला एकच प्रश्न सारखा आला, मुंबईहून येणाऱ्यांनी रात्री परत कसं जायचं, तेव्हा वहिनीच्या आईने मला फोन करून सांगितलं की वरच्या मजल्यावर गाद्या घालतोय, सगळ्यांना मुक्कामालाच बोलव, आणि ती एक ओळ मी खाली जोडून टाकली.