सत्काराच्या रेकॉर्डिंगबद्दल आलेल्या तक्रारीस उत्तर

“वडिलांच्या निवृत्ती सत्काराचं भाषण साफ करायला दिलं होतं. मागची बडबड आणि टाळ्या आहेतच, उलट वडिलांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झालाय. पैसे वाया गेले.” — एक ग्राहक, जळगाव

सप्रेम नमस्कार.

तुमची तक्रार रास्त आहे. आम्ही मूळ फाईल पुन्हा ऐकली, तेव्हा चूक आमचीच असल्याचे दिसले. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करण्यासाठी आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो आणि आमच्या सहकाऱ्याने भाषणापूर्वीची श्रोत्यांची बडबड नमुना म्हणून दिली. ही पद्धत पंख्याच्या घरघरीसारख्या एकसारख्या आवाजासाठी आहे. बडबड म्हणजे माणसांचेच बोलणे, त्यामुळे तिच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात वडिलांचा आवाजही सापडला आणि तो १८ डेसिबलपर्यंत कापला गेला. `Residue` हा पर्याय निवडला की काढून टाकलेला भाग तेवढाच ऐकू येतो. काल तो लावला तर त्यात वडिलांचे शब्द स्पष्ट कळत होते. ही तपासणी फाईल देण्यापूर्वीच व्हायला हवी होती. शिवाय गोंगाट कमी केल्यानंतर आम्ही संपूर्ण आवाज एका पातळीवर आणला होता, त्यामुळे दोन वाक्यांमधली कुजबुज आणखी वर आली.

आता मूळ फाईलवरून काम नव्याने करत आहोत. सभागृह शांत असतानाचा दोन सेकंदांचा पंख्याचा आवाज नमुना म्हणून घेऊन तो फक्त ६ ते ८ डेसिबलने कमी करू. बडबड मात्र हातानेच, वाक्यांमधल्या मोकळ्या जागी, साधारण ८ ते १० डेसिबलने हळूहळू उतरवू आणि पुढचा शब्द सुरू होण्याआधी आवाज पुन्हा वर आणू. तिथे पूर्ण शांतता ठेवणार नाही, कारण मग प्रत्येक वाक्य कात्रीने कापल्यासारखे वाटते. वाक्य संपल्यानंतरच्या टाळ्याही अशाच उतरतील.

परंतु वडील आईविषयी बोलत असताना टाळ्या थेट शब्दांवर पडल्या आहेत. टाळीचा आवाज खालपासून वरपर्यंत सर्व पट्ट्यांत पसरतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखी व्यंजने त्याच वरच्या भागात असतात. तिथे टाळ्या कापल्या तर शब्द बोथट होतील. म्हणून तेवढ्या टाळ्या राहू द्याव्यात, असे माझे मत आहे.

एक विनंती आहे. तुमचा कॅमेरा सभागृहाच्या मागच्या बाजूला होता, त्यामुळे त्याला वडिलांपेक्षा श्रोते जवळ होते. कार्यालयातील साउंडवाल्यांनी मिक्सरवरून रेकॉर्डिंग घेतले असेल, तर ते अवश्य मिळवावे, कारण त्यात वडिलांचा माईक थेट असतो आणि टाळ्या पुष्कळ कमी येतात. तसे नसेल, तर पुढच्या रांगेतील कोणा नातेवाइकाच्या मोबाईलवरील चित्रीकरणही चालेल; एखाद्या ठळक टाळीवर दोन्ही आवाज जुळवून तेवढा परिच्छेद आम्ही बदलू.

या कामाचे वेगळे पैसे लागणार नाहीत. पाच मिनिटांचा नमुना आधी पाठवतो. तो हेडफोन लावून ऐकावा आणि तुमची संमती मिळाल्यावरच उरलेले भाषण पूर्ण करू.