हसा, नाहीतर तुमचं वय झालं

कंपनीच्या नावानं विनोदी पोस्ट टाकायची आहे आणि ती वेगवेगळ्या वयाच्या माणसांना कशी दिसेल अशी शंका उगाच मनात येतेय? दाबून टाका ती. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात नुकतंच या विषयाचं संपूर्ण प्रशिक्षण झालं. शिकवायला मालकांचा भाचा होता. प्रात्यक्षिक मात्र माझ्या मोबाईलवर पार पडलं, कारण पोस्टच्या तळाशी 'ऑर्डरसाठी संपर्क' म्हणून नंबर माझा छापला होता. मी बेदाण्याच्या पेढीवर हिशेब लिहितो. विनोदाशी माझा संबंध फक्त जीएसटीच्या पोर्टलपुरता.

तर पहिलं पथ्य. पोस्ट तपासून घ्यायची ती आपल्याच वयाच्या, आपल्याच टेबलाभोवती चहा पिणाऱ्या चार मित्रांकडून. सगळ्यांना एकदम दाखवायची आणि स्वतः आधी हसून विचारायचं, "भारी आहे ना?" मालकाच्या भाच्यानं असं विचारल्यावर "नाही" म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. चुकूनही कुणाला एकट्याला बाजूला घेऊन पोस्ट नुसती हातात देऊ नका. त्याला "यात काय घडलंय?", "हसायचं कुणाला आहे?" आणि "हे बघून तुम्ही आता काय कराल?" असले प्रश्न तर मुळीच विचारू नका. "कळलं का?" एवढंच विचारा. कळलं नाही असं आपल्याकडे कुणी कबूल करत नाही, त्यामुळे निकाल शंभर टक्के लागतो. आणि गोदामातले हमालमामा, पॅकिंगच्या मावशी, माल घेऊन आलेले शेतकरी यांना तर दाखवूच नका. त्यांना आपल्या मित्रांपेक्षा वेगळं काहीतरी दिसायचं, आणि मग पोस्ट थांबवावी लागायची.

दुसरं पथ्य चित्राचं. इथं आमच्या भाच्याची कामगिरी तपशिलानं सांगावी लागेल. कोल्ड स्टोअरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्यांची थप्पी, तिच्यासमोर फरशीवर एक तरुण पोरगा उताणा पडलाय, डोळे मिटलेले, हात पसरलेले. फोटो कृष्णधवल केलेला, कारण त्यात म्हणे क्लास येतो. वर मोठ्या अक्षरात, "भाव ऐकून मेलो", आणि शेजारी कवटीची इमोजी. विनोदाचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे 'दिवाळीआधी बेदाणा एवढा स्वस्त, की ऐकूनच पडलो', हा फोटोवर नाही. तो खाली कॅप्शनमध्ये, बारीक अक्षरात.

विशीतल्या पोरांना हे पाहून हसू आलं, हे मान्य. त्यांच्या मोबाईलवर कवटी म्हणजे 'हसून हसून मेलो'. पंचविशीच्या आतल्या कुणालाही कवटी पाठवून बघा, तो काळजी न करता उलट दोन कवट्या पाठवेल.

आता हाच फोटो साठीच्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. नको, बघू नका, पथ्य मोडेल. पण मला बघावा लागला, कारण सकाळी नऊपासून फोन सुरू झाले. "कवा झालं वो?" "कुणाचं पोरगं म्हणायचं?" "माती किती वाजता हाय, अमरधामला का गावाकडं?" एका जुन्या व्यापाऱ्यानं तर दुकान अर्धं बंद करून हार घेतला होता. आता या लोकांना कमी समजतं असं तुम्ही म्हणणार. अहो, यांनी आयुष्यभर चौकाचौकात कृष्णधवल फोटो पाहिला तो फक्त एकाच फ्लेक्सवर. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्द खाली नसले तरी डोळा ते आपोआप वाचतो. उताणा माणूस, मिटलेले डोळे, रंग काढून घेतलेला फोटो, 'मेलो' हा शब्द आणि खाली संपर्कासाठी नंबर. यात हसायची जागा त्यांनी कुठून काढायची?

तिसरं पथ्य: कवटी खाण्याच्या वस्तूवर बिनधास्त वापरा.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबाग करणाऱ्या माणसानं कवटी कुठं पाहिलेली असते? फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांनी लेबलवरचा तो चौकोन ठरवून दिलाय: अतिविषारी औषध असेल तर खालचा त्रिकोण लाल, आणि वरच्या त्रिकोणात कवटी, हाडं आणि विषाचा इशारा. पन्नाशीच्या बागायतदाराच्या घरात ही खूण पोरांना लांब ठेवण्यासाठी दाखवली जाते. त्यात बेदाण्याचा धंदा असा, की घेणारा आधी औषधाचा अंश किती राहिलाय ते विचारतो. अशा मालाच्या पेट्यांशेजारी आपण हौसेनं कवटी लावली. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "मागच्या लॉटमध्ये काय निघालंय का? खरं सांगा, घरात नातवंडांनी खाल्लाय." त्यांना समजावताना माझा चहा गार झाला, आणि शेवटी त्यांनी "बरं, तरी बघतो" म्हणून फोन ठेवला. हे 'तरी बघतो' म्हणजे काय, ते यार्डातल्या कुणालाही विचारा.

चौथं: कॅप्शन फोटोबरोबर जाणारच, असं धरून चाला. इन्स्टाग्रामवरून कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो, फक्त फोटोपुरता कापतो आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकतो. कॅप्शन तिथंच राहतं आणि पुढं फिरतो तो नुसता मुडदा. 'आमची पोस्ट तरुणांसाठी होती' हे वाक्य या टप्प्यावर अतिशय उपयोगी पडतं.

पाचवं, मालकांसाठी, म्हणजे फक्त पोरांनाच बोल लावला असं नको. मालक सदुसष्ट वर्षांचे. स्टाफच्या ग्रुपवर त्यांनी गमतीनं लिहिलं, "उद्या सगळे वेळेवर या…" पुढं तीन टिंबं, आणि कुणी काही विचारलं की उत्तर "ठीक आहे." असं पूर्णविरामासकट. त्यांच्या मनात होतं पेढे वाटायचे, नातू झाला होता. पॅकिंगमधल्या दोन पोरी रात्रभर 'नोकरी गेली' म्हणून जाग्या. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली कॉलेजच्या पोरांवर हेच तपासलं होतं: एका शब्दाच्या मेसेजला पूर्णविराम दिला की त्यांना तो कमी मनापासूनचा वाटतो, आणि तेच उत्तर कागदावर हातानं लिहून दिलं तर तसं काही वाटत नाही. मालकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे."

सहावं, आणि सर्वांत महत्त्वाचं. विनोद न कळणं आणि विनोद भलताच कळणं यात फरक करू नका. फरक केलात तर धंदाच अवघड होईल. न कळणारा माणूस खांदे उडवून पुढं जातो. त्याच्यासाठी पोस्ट थांबवायची गरज नसते, आणि सगळ्या वयांना एकदम हसवणारा विनोद शोधत बसलात तर हाती फक्त 'शुभ सकाळ' लागेल. पण ज्याला भलतंच कळतं तो पुढं जात नाही. तो थांबतो, फोन करतो, हार घेतो, माल परत पाठवतो. म्हणून तपासताना बघायचं ते इतकंच: हसू आलं नाही तर त्या माणसाच्या मनात दुसरा कुठला अर्थ तयार आहे का, आणि त्या अर्थानं कुणाला लागेल का. पण हे करायला पोस्ट एक रात्र थांबवावी लागते, आणि रात्रभर थांबलं तर म्हणे ट्रेंड जातो.

आता राहिला दुपारचा एक फोन. वाळव्याकडचे एक शेतकरी, वय पन्नास-बावन्न, माल आमच्याच स्टोअरला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "साहेब, आमच्या पोरीनं दाखवलं. आमचा भाव ऐकून तुमची माणसं मेल्याचं सोंग करून हसत्यात व्हय?"

मी गप्प बसलो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून पाव किलो घेणाऱ्या पोराला भाव उतरला म्हणजे आनंद. तोच भाव त्याच्या बापाच्या वयाच्या माणसाला सौद्यात मिळालेला असतो. चार किलो द्राक्षं वाळवावी तेव्हा किलोभर बेदाणा होतो. रॅकवर माल असताना अवकाळी पाऊस आला तर तोही काळा पडतो. आणि भाव पडला म्हणून शेतकरी 'मेलो' म्हणाला, तर ती आपल्याकडं गंमत नसते. कुठल्या गावात काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं, मी लिहायची गरज नाही. या माणसाला तुमची कवटी कळली होती. 'मेलो' कळलं होतं, स्वस्त कळलं होतं, विनोद पुरता कळला होता. म्हणूनच त्यानं फोन केला.

संध्याकाळी हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, जुन्या लोकांना ह्यूमर नाही." मग त्यानं खुलाशाची पोस्ट टाकली, 'कृपया विनोद विनोद म्हणून घ्यावा', आणि शेवटी पुन्हा एक कवटी.

आता सरळच बोलतो. अरे, ज्याचा माल विकून तुझा पगार निघतो त्याला तू ह्यूमर शिकवतोस? पोस्ट टाकण्याआधी गोदामात जाऊन एका मामाला आणि एका मावशीला दाखवायला किती वेळ लागला असता, पाच मिनिटं? 'मेलो' काढून रंगीत फोटो ठेवला असता, 'दिवाळीचा लाडू यंदा बेदाण्यानं गच्च' एवढं लिहिलं असतं, तर काय बिघडलं असतं? तुझे मित्र हसले नसते. नसते हसले तर नसते. त्यांनी एक पेटी तरी उचललीय का? लाइक्स मोजून दाखवतोस मला. त्यात पंढरपूरचा कोण आहे, नागपूरचा कोण, कुणाच्या दुकानातून पंधरा किलोची ऑर्डर आली, ते सांग. आणि मालक, तुम्हीसुद्धा. 'पोरं आहेत, करू देत' म्हणून हसलात. त्या वाळव्याच्या माणसाला फोन तुम्ही करायचा, मी नाही. उद्या सौदा सुरू व्हायच्या आत करा. आणि ती पोस्ट अजून तशीच आहे, खुलाशासकट. दोन्ही काढा.