नळाचा पाइप म्हणजे अर्थिंग नव्हे

“नळाच्या लोखंडी पाइपाला वायर जोडली की अर्थिंग झाले, वेगळा खड्डा कशाला?”

मुंबईतील जुन्या चाळींत दुरुस्तीच्या वेळी लोखंडी पाइपाच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा बसतो आणि जमिनीशी असलेला संबंध तुटतो. मग गिझरमधून गळणारी वीज शेजाऱ्यांच्या नळांपर्यंतही पोहोचू शकते. खऱ्या अर्थिंगसाठी खड्ड्यात सुमारे अडीच मीटर लांबीचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप उभा पुरून भोवती कोळसा व मिठाचे थर देतात आणि तिथून अखंड तार मीटर-बोर्डापर्यंत आणतात. या अर्थिंगचा जमिनीशी रोध ५ ओहम भरला, तर गळतीच्या वेळी २३० व्होल्टला फार तर ४६ अँपिअर वाहतात, आणि तेवढ्याने जास्त प्रवाह झाल्यावर वीज तोडणारा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडेलच असे नाही. म्हणून सोबत थोडीशी गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. मिठाने पाइप गंजतो, त्यामुळे रोध दरवर्षी, तोही जमीन कोरडी असताना पावसाळ्यापूर्वी, मोजून घ्यावा.